‘टोज’ म्हटलं की ‘डोस’ ऐकू येतो

*ताई, मी मूळची कराडची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. फिजिओथेरपिस्ट आहे. दीड वर्षापासून इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात काम करते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजोबांना जिना उतरायला शिकवत होते. ‘टोज फर्स्ट’ म्हटलं, तर ते म्हणाले, ‘घेतला की सकाळीच!’ त्यांना ‘डोस’ ऐकू आला होता. असं आठवड्यातून चार-पाच वेळा होतं. एका मैत्रिणीने सांगितलं, ‘ट सोड, जीभ दातांना लाव, मऊ बोल.’ तसं केलं, तर लोक आणखीच गोंधळले. सात वर्षांची मुलगी खो-खो हसते. मराठी माध्यमामुळे माझी जीभ जड झाली आहे का? हा ट आता सुटेल का, की वय निघून गेलं?*

तुमच्या त्या आजोबांच्या कानात काही दोष नाही. त्यांनी इंग्रजी कानाच्या नियमाने अगदी बरोबर ऐकलं. त्या नियमात जीभ कुठे टेकते याला फार थोडी किंमत आहे. तुम्ही मात्र सगळा आळ जिभेवर घेऊन बसला आहात.

एक कागदाची पट्टी घ्या, बसच्या तिकिटाएवढी. ओठांपुढे चार बोटांवर धरा आणि म्हणा, ‘टोपी’. पट्टी जवळजवळ हलणार नाही. आता म्हणा, ‘ठोका’. पट्टी फडफडेल. मग मुलीला तीच पट्टी देऊन तिच्याकडून इंग्रजी ‘टो’ म्हणवून घ्या. तिचीही फडफडेल. ती तिथल्या शाळेत जाते, तिथल्या मुलांसारखं बोलते, आणि तिथल्या बोलण्यात शब्दाच्या सुरुवातीचा टी सहसा श्वास सोबत घेऊन येतो. जीभ सुटते, मग क्षणभर नुसती हवा जाते, आणि त्यानंतर स्वराचा आवाज सुरू होतो. ली लिस्कर आणि आर्थर एब्रामसन या दोन अमेरिकी संशोधकांनी १९६४ मध्ये ११ भाषांमधली ही मधली फट मोजली होती, आणि त्या ११ मध्ये आपली मराठीही होती. इंग्रजी टीची फट त्यांना सरासरी ७० मिलिसेकंद आढळली, म्हणजे सेकंदाच्या चौदाव्या भागाएवढी. मराठी ट मध्ये अशी लांब फट नसते. जीभ सुटली की आवाज लगेच हजर.

आता इंग्रजी डीचं बघा. आपण ‘डबा’ म्हणतो तेव्हा जीभ सुटायच्या आधीच गळ्यात घरघर सुरू झालेली असते. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीला डी म्हणताना पुष्कळदा ती घरघर करतच नाही. त्याचा डी म्हणजे जीभ सुटली आणि आवाज लगेच आला, बस. अहो, हे तर आपल्या ट चंच वर्णन झालं! त्याच्या कानाशी दोनच खाने आहेत: श्वास आला तर टी, नाही आला तर डी. तुमचा बिनश्वासाचा ‘टो’ सरळ दुसऱ्या खान्यात जाऊन पडला. शेवटचा ज घाईत आपल्या तोंडी स सारखा निघतो, तो तसा निघाला असणार. झाला ‘डोस’. त्यात समोर फिजिओ, हातात फाइल, रुग्णालय. डोसच ऐकू येणार.

मग आपल्याकडे ठ असताना आपण तो का वापरत नाही? इंग्रजी आपण आधी अक्षरांतून शिकलो, म्हणून. टी म्हणजे ट, आणि त्याला एच जोडला की ठ नाहीतर थ, हे आपल्याला ठाण्याच्या इंग्रजी पाटीपासून ठाऊक असतं. ‘टाइम’ मध्ये एच लिहिलेला नाही, मग श्वास कुठून आणायचा? शिवाय ‘ठाइम’ म्हणून बघा, आपलं आपल्यालाच हसू येतं. पण तुम्ही उद्या खरोखर ‘ठोज’ म्हणालात, तर आजोबा औषधाच्या डबीकडे बघणार नाहीत, पायाकडे बघतील. उच्चार भारतीय राहील, शब्द मात्र पोचेल. तुमची निकड शब्द पोचवण्याची आहे, म्हणून श्वासाचं काम आधी.

एक खबरदारी घ्या. एसच्या पाठोपाठ टी आला की इंग्रजीतही श्वास गळतो. ‘स्टेप’, ‘स्टँड’, ‘स्टिक’, ‘स्टेअर’ या तुमच्या रोजच्या शब्दांत आपला बिनश्वासाचा उच्चारच योग्य आहे. नव्या उत्साहात तिथे ठ घुसवू नका.

आता जिभेकडे येऊ. शाळेत आपण कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य असं घोकलं. त वर्ग दातांशी, ट वर्ग त्याच्या मागे वर टाळूकडे. इंग्रजीचे टी आणि डी या दोन ओळींच्या मधल्या जागेत राहतात, वरच्या दातांमागे हिरडीचा जो उंचवटा लागतो त्याच्यावर. व्याकरणकार त्या जागेला दंतमूल किंवा वर्त्स म्हणतात. आपण उंचवटा म्हणू. जिभेचं टोक दातांच्या मागून हळूहळू वर सरकवा. आधी गुळगुळीत दात, मग हिरडीचा खडबडीत फुगवटा, आणि त्याच्या मागे टाळू एकदम खोल जातो. तो खड्डा सुरू व्हायच्या आधीचा भाग म्हणजे इंग्रजीचं घर.

सांगून हे कुणाला पटत नाही, म्हणून मी विद्यार्थ्यांना कोको खायला घालायचे. तुम्हीही करून बघा. चिमूटभर कोको पावडर दोन थेंब तेलात कालवा, जीभ रुमालाने टिपून कोरडी करा आणि टोकाला तो लेप लावा. मग एकदाच, न गिळता, म्हणा, ‘पत’. तोंड उघडून छोटा आरसा आत धरा, मोबाइलचा दिवा लावा. वरच्या पुढच्या दातांची मागची बाजू रंगलेली दिसेल. चूळ भरा, पुन्हा लेप, आता ‘पट’. या वेळी दात स्वच्छ, आणि डाग उंचवट्याच्या मागच्या कडेला. तिसऱ्यांदा ‘पल’. डाग उंचवट्यावर येईल. ‘प’ ओठांनी होतो, तो टाळूला हात लावत नाही, म्हणून हे तीन शब्द. इंग्रजी ‘पॅट’चा डाग साधारण त्या ‘पल’च्या जागेवर पडायला हवा.

आरशात पहिल्यांदा बघणाऱ्याला दोन गोष्टींचं आश्चर्य वाटतं. एक म्हणजे पट आणि पल यांच्या डागांतलं अंतर काही मिलिमीटरचं असतं. तमिळ किंवा तेलुगू बोलणारे ट म्हणताना जीभ चांगली मागे वळवून तिची खालची बाजू टाळूला लावतात. आपण बहुतेक जण टोकच लावतो, थोडं मागे, इतकंच. म्हणजे तुम्हाला फार लांबचा प्रवास करायचा नाही. दुसरं आश्चर्य ल चं. जी जागा परकी म्हणून तुम्ही शोधताय, तिथे तुमची जीभ मराठी बोलताना दिवसभर ये-जा करते. ल, र, स तिथलेच. मनातला न ही बहुतेकांचा तिथलाच.

मग एवढी जवळची जागा सोडून मराठी माणूस इंग्रजी टीसाठी ट का निवडतो, त का नाही? याला माध्यम कारण नाही. मुंबई-पुण्याच्या इंग्रजी शाळांत शिकलेलेही ट च म्हणतात, हिंदीभाषकही म्हणतात, गुजरातीही. कान मधला आवाज ऐकतो आणि घरात आहेत त्यांपैकी एका खणात टाकतो. त म्हणताना आपण जिभेचं पातं दातांवर पसरून लावतो. ट म्हणताना फक्त टोक लावतो. इंग्रजी टीही सहसा टोकाचाच, म्हणून तो कानाला ट चा भाऊ वाटतो. आणि दुसरं, जास्त पक्कं कारण: त वर्गाच्या खणात आधीच कुणीतरी बसलंय. इंग्रजीत ‘थिंक’, ‘थाय’, ‘दे’ मधले जे टीएच असतात, त्यांना आपण थ आणि द देऊन टाकले आहेत. टीही तिथेच टाकला, तर ‘ट्री’ आणि ‘थ्री’, ‘डे’ आणि ‘दे’ एकमेकांत मिसळतील. ट वापरल्यामुळे ते वेगळे राहतात. आपल्या पूर्वजांनी गोंधळ टाळणारा व्यवहार केला, असं मी म्हणेन.

उलट बाजूचा पुरावा बघायचा तर बालदी, पाद्री, इस्त्री, मेस्त्री हे शब्द घ्या. हे पोर्तुगीजांकडून आले. पोर्तुगीज लोक टी आणि डी दातांशी म्हणतात, आणि मराठी कानाने ते बरोबर हेरून त आणि द दिले. (बटाटा तेवढा ऐकत नाही. तोही त्यांच्याचकडून आला, पण दोन-दोन ट घेऊन.) इंग्रजांकडून आलेल्यांना मात्र टेबल, डॉक्टर, कोर्ट, डबल असा ट वर्ग मिळाला. तरी सुरुवातीला कान डळमळत होता. ‘तिकीट’ पाहा, एकाच शब्दात एका टीचा त झाला आणि दुसऱ्याचा ट. ‘मास्टर’चा मास्तर झाला, कारण स च्या लगोलग ट म्हणायची जिभेला सवय नव्हती. आपल्याला कष्ट जमतं, रस्ता जमतो, पण स आणि ट यांची जोडी नवी. म्हणून कुणी ट ला त केलं, तर कुणी स ला ष करून ‘पोष्ट’ म्हटलं.

यावरून तुमच्या मैत्रिणीचा सल्ला का अंगाशी आला ते कळेल. व्यायाम शिकवताना तुम्ही ‘टाइटन युवर थाय’ म्हणत असाल. त्यातला टी दातांशी नेला की ‘ताइतन युवर थाय’ होतं. ‘टाय’ आणि ‘थाय’ यांच्यातली भिंत पडली. शिवाय त मध्येही श्वास नाहीच, म्हणजे मूळ दुखणं जागेवर. नुसत्या जिभेच्या जागेपुरतं बोलायचं, तर इंग्रज कानाला ट आणि त्यांचा टी यांच्यामुळे शब्द वेगळे वाटत नाहीत, फार तर ‘बाई भारतातल्या दिसतात’ एवढं वाटतं. दातांशी गेलेला टी मात्र टीएचच्या आवारात शिरतो आणि तिथे शब्दच बदलतो. ‘मऊ’ हा सल्ला ऐकायला गोड, पण दिशा चुकलेली. उंचवट्यावर जायला निघून तुम्ही तो ओलांडून पुढे गेलात.

तिथेच थांबायचं कसं? मराठी माणसाकडे एक चीज अशी आहे की जी हिंदीवाल्याकडे नाही. आपले दोन च. ‘चार’ मधला वेगळा आणि ‘चोर’ मधला वेगळा. लिहिताना एकच अक्षर, बोलताना कुणी चुकत नाही. ‘चोर’, ‘चूक’, ‘चमचा’ मधला च म्हणताना जिभेचं टोक उंचवट्यापाशी टेकतं, आणि सुटताना स सारखी किंचित सुस्कार येते. इंग्रजांचा टीही सुटताना असाच बारीक सुस्कारतो. तर ‘चूक’ म्हणा. आता जीभ तिथेच टेकवा, पण सुस्कार आवरा आणि तिच्या जागी नुसता श्वास सोडा. जे निघेल ते इंग्रजी ‘टुक’च्या फार जवळचं असेल. तसंच ‘चोर’ वरून ‘टोअर’. मग ‘चो’ वरून ‘टो’ आणि ‘टोज’. दहा वेळा ‘चो’, दहा वेळा ‘टो’, पट्टी ओठांपुढे. सुस्कार फार उरली तर ‘त्सोज’ ऐकू येईल. तसं झालं तर जीभ जरा हलकी टेकवा आणि श्वास वाढवा. पट्टी हलली नाही तर पुन्हा ‘ठो’ म्हणून श्वास आठवा, आणि तोच श्वास नव्या जागेवरून सोडा.

हे मी देवनागरीत लिहितेय आणि तुम्ही ‘टो’ वाचताय, त्यातच एक फसवणूक आहे. आपल्या लिपीत या आवाजाला अक्षर नाही. म्हणून सराव करताना शब्द मराठीत लिहून समोर ठेवू नका, डोळ्यांना ट दिसला की जीभ मागे जाते. पायाच्या बोटांचं चित्र काढून ठेवा.

डीसाठी ‘जोर’ मधला ज वापरावा असं वाटेल. पण पुष्कळांच्या तोंडी तो नुसता घासत निघतो, जीभ पूर्ण टेकतच नाही, म्हणून मी त्याच्या वाटेला जात नाही. डीला न आणि ल चा आधार द्यावा. ‘हँड’ आणि ‘बेंड’ घ्या. आपण हे म्हणतो तेव्हा ड च्या ओढीने आधीचा न देखील मागे जातो, अंड्यातल्या अनुस्वारासारखा त्याचा ण होतो. तुम्ही आधी नुसतं ‘बेन’ म्हणा, ‘मन’ मधल्या न ने. न वर थांबा, नाक गुंजू द्या, जीभ कुठे आहे ते चाचपा. आता ती तसूभरही न हलवता फक्त नाकाची वाट बंद करा आणि सोडा. आला डी. ‘होल्ड’ आणि ‘फोल्ड’ मध्ये हेच काम ल करेल. आणि फरक जाणवावा म्हणून एकदा मराठी ‘उलटा’ म्हणा. ल वरून ट वर जाताना जीभ मागे घसरते ती कळेल. ‘होल्ड’ मध्ये ती घसरण होऊ द्यायची नाही.

जागेचं काम खरं महत्त्वाचं आहे ते शब्दाच्या शेवटी, आणि हे सहसा कुणी सांगत नाही. ट किंवा ड यायचा असला की जीभ आधीच्या स्वरातच मागे वळू लागते आणि त्या स्वरावर र ची सावली पडते. मराठीत ती सावली उपयोगी आहे, तिच्यावरूनच आपण वाट आणि वात पटकन ओळखतो. इंग्रज कानाला ती सावली म्हणजे नसलेला र. तुमचं वाक्य घेऊ: ‘पुट युवर राइट फूट फ्लॅट ऑन द बेड.’ यात पाच शब्दांच्या शेवटी टी किंवा डी आहे, आणि तिथे श्वासाची गरज नाही. उलट तिथली माणसं शेवटचा टी पुष्कळदा सोडतच नाहीत, जीभ टेकली की शब्द संपला, किंवा गळ्यातच झटका देऊन थांबतात. म्हणून ‘फूट’ म्हणताना स्वर संपेपर्यंत जीभ खाली, दातांमागे निवांत ठेवा, आणि अगदी शेवटी टोक उंचवट्याला लावून तिथेच राहू द्या. फोडू नका. आपण ‘फूट्’ म्हणून तो ट टाळूवर आपटून सोडतो, तोच कानाला खटकतो.

दोन स्वरांच्या मधला डीही पाहा. ‘गाडी’, ‘घोडा’ मध्ये आपला ड पूर्ण टेकत नाही, नुसता फटकारा मारून जातो. ‘बॉडी’, ‘रेडी’, ‘स्टेडी’ मध्ये तोच येतो आणि समोरच्याला मध्येच र ऐकू येऊ शकतो. ‘रेडी?’ हा तर तुमचा दर पाच मिनिटांचा शब्द असणार. तिथे जीभ क्षणभर नीट टेकू द्या.

आणि काय सोडून द्यायचं तेही ठरवू. ‘ट्राय’, ‘ड्राय’, ‘ट्रॉली’, ‘ड्रेसिंग’ यांना हात लावू नका. पुढच्या आरमुळे तिथल्या लोकांचीही जीभ उंचवट्याच्या मागे जाते, आपला ट्र तिथे जवळपास बरोबर बसतो. भारतीय सहकाऱ्यांशी बोलताना काहीच बदलायची गरज नाही. भारतात इंग्रजी शिकवणाऱ्यांना मी हेच सांगते: ट हा आपल्या इंग्रजीचा रीतसर आवाज आहे, पुण्यातल्या मुलाला त्यावरून टोकू नका, श्वास तेवढा शिकवा. तुम्ही परदेशात, ऐकू कमी येणाऱ्या, दुखण्याने त्रासलेल्या वयस्क माणसांशी बोलता, म्हणून तुमची गोष्ट वेगळी.

वयाचं म्हणाल, तर पस्तिशी-चाळिशीत जीभ काही गंजत नाही. कान मात्र खरंच हट्टी झालेला असतो, मधला आवाज तो ट म्हणूनच ऐकवतो. म्हणून स्वतःच्या कानावर भरवसा ठेवू नका, मुलीचा कान उसना घ्या. सहा चिठ्ठ्यांवर चित्रं काढा: पायाची बोटं आणि हरिणी (‘टो’ आणि ‘डो’), गळ्यातला टाय आणि फासा (‘टाय’ आणि ‘डाय’), दहाचा आकडा आणि कोल्ह्याची गुहा (‘टेन’ आणि ‘डेन’). तिच्याकडे पाठ करून तुम्ही मनात ठरवलेला शब्द म्हणा, ती चित्राला बोट लावेल. वीसपैकी किती बरोबर आले ते रोज लिहून ठेवा. सुरुवातीला अर्ध्याच्या आसपास आले तर ते नशिबाचं खातं. अठराच्या वर जाऊ लागले की श्वास बसला असं समजा. बसला तरी वॉर्डातल्या घाईत जुना ट परत येईल, विशेषतः दमल्यावर. तेव्हा सगळं इंग्रजी एकदम दुरुस्त करू नका. पहिल्या महिन्यात फक्त पाच शब्द घ्या: टोज, टाइटन, टर्न, टेन, टू. बाकीचे जसे येतात तसे येऊ देत.

तोवर जिना उतरवताना ‘टोज’ म्हणताना हाताने बोटं दाखवा.

आणि तुमच्या त्या खो-खो हसणाऱ्या बाईसाहेबांना एकदा कोकोचा लेप लावून मराठी ‘पट’ म्हणायला सांगा. माझा अंदाज आहे, तिचा डाग ‘पल’च्या जागेवर पडेल. तिचे ‘वाट’ आणि ‘वात’ आजीला फोनवर वेगळे ऐकू येतात का, तेही विचारा. मग आरशासमोर दोघी बसा, दोघींची तोंडं तपकिरी, आणि तिने तुम्हाला ‘टो’ शिकवावा, तुम्ही तिला ‘वाट’.